कथेसाठी मदत हवी: निवृत्त बाई, नवरा गेलेला आणि जुन्या विद्यार्थ्याचं पत्र

कोरांटी

एक लघुकथा लिहून झाली आहे, पण मधला भाग उभाच राहत नाही. कथा थोडक्यात अशी आहे.

सुमनबाई, वय 68. सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यातल्या जि. प. शाळांवर नोकरी झाली, 2013 साली निवृत्त. नवरा एसटीत कंडक्टर होता, जून 2023 मध्ये गेला. मूल नाही. दिवाळीच्या सुमारास एक पत्र येतं. लिहिणारा बबन. 1991 साली ऊसतोड टोळीबरोबर आलेला, बीडकडचा मुलगा. त्याचं नाव पटावर नव्हतं, तरी बाईंनी त्याला चौथीच्या वर्गात बसू दिलं होतं. पत्र वाचून बाई उत्तर लिहायला बसतात, तिथे कथा संपते.

अडचण पत्राची आहे. आत्ता ते असं आहे:

"आदरणीय बाई, आपले पती गेल्याचे कळले आणि मनाला अतीव दुःख झाले. तुम्ही माझ्या आयुष्याला दिशा दिली. तुम्ही तेव्हा केंद्रप्रमुखांचा विरोध पत्करून मला शाळेत बसू दिले, खिचडी दिली. मास्तरकाका मला एसटीने फुकट आणायचे. ते उपकार मी कधीच विसरणार नाही. धीराने घ्या."

ज्यांना वाचायला दिलं ते म्हणाले, चांगलं आहे, डोळ्यात पाणी आलं. मला मात्र पत्रानंतर कथेत काही शिल्लक राहत नाही असं वाटतं. बाई पत्र वाचतात, रडतात, उत्तर लिहितात. कुठे चुकतंय?

जुनाबाक

भाषा नंतर सुधारता येईल. मूळ चूक ही की बबनला सगळं माहीत आहे. नवरा गेल्याचं वाचकाला पहिल्या पानावरच कळलेलं आहे, बाईंना तर कळलेलंच आहे, आणि पत्र तेच पुन्हा सांगतं. सांत्वनाच्या पत्राला उत्तरही एकच असतं, 'तुझं पत्र मिळालं, बरं वाटलं.' म्हणून तुमच्या कथेला पुढे जायला वाट उरत नाही.

बबनला काही माहीत नाही असं करून बघा. मग हे दिवाळीचं साधं खुशालीचं पत्र होतं. तो मास्तरांची चौकशी करतो, त्यांना निरोप सांगायला लावतो. बबन आनंदाने लिहितोय आणि बाईंना ओळ न् ओळ टोचतेय. पत्रात दुःखाचा एक शब्द नसला तरी चालेल. नसलेलाच बरा.

आणि मग पत्राआधी पाकीट आहे. बबन पाकिटावर काय लिहील? चाळिशीतला गावाकडचा माणूस लग्नपत्रिका वाचत वाढलेला असतो. लग्न झालेल्या बाईच्या नावाआधी त्याचा हात आपोआप "सौ." लिहितो. नवरा जाऊन पाच महिने झालेल्या बाईच्या हातात "सौ. सुमनबाई" असं पाकीट पडतं. इंग्रजीत ही कथा लिहिली असती तर हे अक्षर मिळालंच नसतं. तुम्हाला ते फुकट मिळतंय, आणि तुम्ही अजून वापरलेलं नाही.

अनुस्वार

जुनाबाक यांच्याशी सहमत. फक्त मायना शुद्ध हवा. शिक्षकांना पत्र लिहिताना "गुरुवर्य" हाच योग्य मायना. आणि नंतर कुणी पाकिटावर दुरुस्ती करणार असेल तर विधवेसाठी "गं. भा." हे परंपरेने योग्य. "श्रीमती" लग्न न झालेल्या बाईंनाही लावतात, त्यातून वाचकाला काहीच कळणार नाही.

जुनाबाक

"गं. भा." जुन्या पत्रिकांमध्ये आहे हे खरं. पण कथा 2023 च्या दिवाळीतली आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांसाठी हा शब्द वापरण्याचं सुचवलं आणि त्यावर केवढा गदारोळ झाला. त्याआधी मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, मग सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. त्या काळात एखाद्या पात्राच्या पेनातून "गं. भा." उतरलं तर ते पात्र काहीतरी बाजू घेतंय असं वाचकाला वाटेल. तसं दाखवायचंच असेल तर लिहा. नुसती ओळख पटावी म्हणून नको. आणि "श्रीमती"तून काहीच कळत नाही, तेच इथे हवंय. "सौ." खोडून "श्रीमती" झालं की त्या खोडण्यातूनच कळतं.

"गुरुवर्य" शाळेच्या निबंधाच्या पुस्तकातलं आहे. बबन चौथीपर्यंतच शिकलेला दिसतो. तो घरच्या पत्रांचं वळण गिरवेल, "ती." लिहील. आता ते तीर्थरूप की तीर्थस्वरूप? आईवडिलांना तीर्थरूप, आईवडिलांसारख्या इतर मोठ्यांना तीर्थस्वरूप, असा जुना भेद आहे. बबनला तो ठाऊक असायची गरज नाही. "ती." एवढ्यावर दोन्ही भागतं.

टपालपेटी

पत्र पोचतं कसं, हे कथेत कुठेच नाही. बबनला बाईंचा आजचा पत्ता कसा मिळाला? फेसबुकवरून म्हणाल तर मग तो मेसेज करेल किंवा फोन नंबर मिळवेल, पाच रुपयांचं पाकीट आणणार नाही. पत्र का, याचं उत्तर हवं, आणि सरळ उत्तर असं की त्याच्याकडे शाळेचं नाव सोडून काहीच नाही. 1991 सालच्या दहा वर्षांच्या पोराला बाईंचं आडनावही ठाऊक नसणार. पाकिटावर फार तर असं असेल: "सौ. सुमनबाई (पूर्वीच्या चौथीच्या बाई), जिल्हा परिषद शाळा, मु. पो. अमुक, ता. कोरेगाव, जि. सातारा."

असं पत्र उपडाकघरातून गावच्या शाखा डाकघरात जातं आणि ग्रामीण डाकसेवक ते शाळेत टाकतो. पिनकोड नसेल किंवा चुकला असेल तर एक-दोन दिवस जास्त लागतात. तालुका आणि जिल्हा लिहिलेला असला की सहसा पोचतं. त्यामुळे दिवाळीआधी टाकलेलं पत्र दिवाळीनंतर हातात पडणं अगदी शक्य आहे. 2023 ला लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं. शाळेला सुट्टी, म्हणजे पत्र टपालवाल्याच्या पिशवीत किंवा मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडून राहणार. घरात पहिलं वर्ष म्हणून दिवाळी केलेली नाही आणि दिवाळी सरल्यावर दिवाळीचं पत्र येतं.

फळा

टपालपेटींच्या मुद्द्याला जोडून. जि. प. शिक्षकांच्या बदल्या होतात, बाई 1991 च्या शाळेवरून निवृत्त झालेल्या नसणार. 2023 मध्ये त्या शाळेत बहुतेक दोन शिक्षक असतील, दोघांनाही सुमनबाई माहीत नसतील. खेड्यातल्या प्राथमिक शाळेला शिपाई नसतो, त्यामुळे 'जुन्या शिपायाने ओळखलं' ही सोय नाही. आज जे होईल ते असं: मुख्याध्यापक पाकिटाचा फोटो काढून तालुक्यातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतील, "या बाई कोणाला माहीत आहेत का?" अर्ध्या तासात तिघांची उत्तरं येतील, त्यातलं एखादं "त्यांचे मिस्टर जूनमध्ये वारले" असं असेल. म्हणजे ते "सौ." बाईंच्या आधी सगळ्या तालुक्याने पाहिलेलं असेल.

मग मुख्याध्यापक आधीचा पत्ता खोडून बाजूला नवा लिहितील आणि पाकीट पुन्हा पेटीत टाकतील. पेन कुठलं? टेबलावर वह्या तपासायचं लाल पेन असतं. पत्ता खोडताना "सौ."ही खोडून "श्रीमती" लिहितील. त्यात वाईट हेतू काहीच नाही. चुकलेलं दिसलं की लाल रेघ मारायची, हा शिक्षकाचा हात आहे.

आता तुमच्या मसुद्यातल्या दोन चुका. केंद्रप्रमुख हे पद 1994 नंतर आलं, 1991 ला शाळा तपासायला शिक्षण विस्तार अधिकारी यायचे. आणि खिचडी तेव्हा नव्हती. पोषण आहाराची योजना 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झाली, तेव्हाही आधी महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचे, शाळेत शिजवणं बरंच नंतरचं. 'खिचडी दिली' हे वाक्य शिक्षक वाचकाला लगेच खटकेल आणि मग तो पुढचंही मानणार नाही. बाईंना खायला द्यायचंच असेल तर स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी द्या.

वसंत_पेन्शनर

सुमनबाईंनी काळजी करू नये. पती गेल्यावर पेन्शन अर्धं होतं हे खरं आहे, पण त्यासाठी बँकेत लगेच अर्ज द्यावा लागतो. आमच्या मावशींनी आठ महिने उशीर केला, त्यांना फार फेऱ्या माराव्या लागल्या. मृत्यूच्या दाखल्याच्या किमान दहा प्रती काढून ठेवा. बाईंना माझा निरोप द्या.

फळा

वसंतराव, सुमनबाई कथेतल्या आहेत. पण मुद्दा कामाचा आहे, म्हणून थोडं दुरुस्त करते. बाईंचं स्वतःचं निवृत्तिवेतन नवरा गेल्याने कमी होत नाही, ते जसंच्या तसं चालू राहतं. अर्धं होतं ते नवऱ्याचं. एसटीचे कर्मचारी ईपीएस-95 मध्ये येतात. मास्तर पेन्शन घेत असताना गेले, तर पत्नीला त्यांच्या पेन्शनच्या निम्मं मिळतं, किमान हजार रुपये. त्यासाठी अर्ज लागतो. म्हणजे बाईंच्या खात्यावर दोन रकमा येतील, एक मोठी स्वतःची, एक अगदी लहान मास्तरांची.

कोरांटी, यात तुमच्यासाठी एक गोष्ट आहे. राज्याच्या पेन्शनरांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये असतो, म्हणजे पत्र येतं त्याच दिवसांत. आणि कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्याला त्या दाखल्यात 'पुनर्विवाह केला आहे का' हेही विचारतात. अडुसष्ट वर्षांच्या बाईंना काउंटरवरचा मुलगा मान वर न करता हे विचारतो. वैधव्याचं वर्णन करणारे तुमचे सुरुवातीचे दोन परिच्छेद काढून हा एक प्रश्न ठेवा.

कोरांटी

हे मला सुचलंच नसतं. परिच्छेद काढते. वसंतकाका, मृत्यूच्या दाखल्याच्या दहा प्रतीही घेते. प्लास्टिकच्या पिशवीत, त्यातल्या तीन उरलेल्या.

लालडबा

मला एसटीबद्दल बोलायचंय. "फुकट आणायचे" हे वाक्य मास्तरांवर अन्याय करतं. तिकीट न फाडता प्रवासी बसवला आणि वाटेत तपासणी झाली, तर कंडक्टरवर ठपका येतो, चौकशी लागते. रोजच्या फेरीत एकाच पोराला असं नेणारा कंडक्टर भला नाही, बेफिकीर ठरेल. भला कंडक्टर काय करेल? बारा वर्षांखालचं पोर, म्हणजे अर्धं तिकीट. ते ट्रेमधून काढून पंच करून त्याच्या हातात देईल आणि पैसे आपल्या खिशातून पिशवीत टाकेल. ड्युटीवर जाताना स्वतःजवळची रक्कम नोंदवून ठेवावी लागते, कारण तपासणीत पिशवीतली रोकड आणि फाडलेली तिकिटं जुळावी लागतात. रोख कमी निघाली तर गुन्हा, जास्त निघाली तरी गुन्हा. म्हणजे ही मदत त्यांना रोज हिशोबात बसवून करावी लागली असणार.

यात एक फायदा आहे. बबनच्या हातात तिकीट राहतं. फुकट आलेल्या पोराकडे मोजायला काही नसतं. तिकिटं जमली की आकडा होतो.

आणि "मास्तरकाका" नको. एसटीत कंडक्टरला "मास्तर" म्हणतात, पोरंसुद्धा. एकाच घरात शाळेत शिकवणाऱ्या त्या 'बाई' आणि गाडीवरचे ते 'मास्तर'. नुसतं "मास्तर" लिहिलंत तर शहरी वाचकाला वाटेल हे दुसरे कुणी शिक्षक. त्यामुळे पत्राआधी कुठेतरी कुणीतरी त्यांना "ओ मास्तर, थांबवा" म्हणताना एकदा दाखवा. एकदाच.

प्राजक्ता_के

लालडबा, मस्त! अजून एक गोष्ट लक्षात आली. 17 मार्च 2023 पासून एसटीत सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे बाई हयातीचा दाखला द्यायला तालुक्याला गेल्या तर त्याही अर्ध्या तिकिटावर जाणार. मास्तर जायच्या आधी तीन महिने ही सवलत आली. कथेचं नावच "अर्धं तिकीट" ठेवा ना.

जुनाबाक

बाईंचा अर्ध्या तिकिटाचा प्रवास नक्की ठेवा, पण पत्राच्या आधी ठेवा आणि त्यावर एक शब्दही बोलू नका. कंडक्टर मशीनमधून तिकीट काढतो, बाई ते पर्सच्या मागच्या कप्प्यात ठेवतात, पुरे. पत्रानंतर ठेवलंत तर लेखिका मुद्दाम जोडतेय हे दिसेल. नावाबद्दल माझं मन होत नाही. अर्धं तिकीट, अर्धं पेन्शन, अर्धी भाकरी असं ओवत गेलं की वाचक मोजायला लागतो. त्यातलं एकच ठेवा.

प्राजक्ता_के

मला उलट वाटतं. वाचक जोडतो तेव्हाच त्याला आनंद होतो. पण भाकरी काढायला माझी हरकत नाही.

बालाघाट

आमच्या भागातला मुलगा आहे म्हणून लिहितो. तीन गोष्टी.

पहिली, टोळी कुठली ते ठरवा. बैलगाडीची टोळी असेल तर कोप्या, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपड्या, कारखान्याजवळच्या तळावर असतात, पूर्ण हंगाम एका जागी. मग बबन रोज चालत एकाच शाळेत जाईल, एसटीचा संबंध येत नाही. डोकी सेंटर असेल, म्हणजे मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रक भरायचा, तर फड संपला की टोळी पुढच्या गावाला हलते. तुमच्या कथेला दुसरी टोळी हवी. टोळी पाच-सहा किलोमीटरवर गेली आणि पोरगं तीच शाळा धरून राहिलं, तेव्हाच मास्तरांच्या गाडीत बसायचं कारण तयार होतं. आणि तेही थोडेच दिवस, कारण टोळी पुन्हा हलते. पूर्ण वर्षभर आणायचे म्हणू नका. दहा-बारा वेळा खरं वाटेल.

दुसरी, "आयुष्याला दिशा दिली" म्हणजे बबन मोठा साहेब झाला असं वाचक धरतो. बहुतेक पोरं तशी होत नाहीत. त्याच्या हातात अजून कोयता असेल तर? पाच महिन्यांच्या शाळेने एवढंच झालं की त्याला पत्र लिहिता येतं, आणि उचल घेताना मुकादमाच्या वहीत काय लिहिलंय ते वाचता येतं. आमच्याकडे ही छोटी गोष्ट नाही.

तिसरी तारखेची. 2023 चा दसरा 24 ऑक्टोबरला होता आणि गाळप 1 नोव्हेंबरला सुरू झालं. टोळ्या या दिवसांतच निघतात. बबन अजून तोडणीला जात असेल तर पत्र घरून निघायच्या एक-दोन दिवस आधी टाकेल.

कोरांटी

सगळं वाचून पत्र नव्याने लिहिलं. आता असं झालंय:

॥ श्री ॥
दि. 28/10/2023

ती. बाईंना व मास्तरांना बबनचा शि. सा. न.

वि. वि. पत्र लिहिण्यास कारण की दिवाळी आली. मी चौथीला तुमच्या वर्गात होतो. नाव पटावर नव्हते. खिडकीच्या कडेला शेवटी बसायचो. टोळी पुढच्या गावाला गेल्यावर मास्तरांच्या गाडीने यायचो. मास्तरांनी अकरा वेळा अर्धे तिकीट फाडले, पैसे घेतले नाहीत. तिकिटे मी ठेवली होती, कोपी मोडताना जळणात गेली. आकडा ध्यानात आहे. मास्तरांना सांगा हिशोब बबनकडे आहे. त्यांचा खोकला कसा आहे. आता रिटायर असतील, घरी असतील तर तुम्हाला बरे.

थोरली मुलगी बारावीला आहे. तिला सतराचा पाढा येत नाही, मला येतो. आम्ही परवा निघणार.

तुम्ही माझ्या आयुष्याला अर्थ दिला.

कळावे, लोभ असावा.
बबन

जुनाबाक

हे पत्र आहे. आधीचं भाषण होतं.

दोन दुरुस्त्या. "आयुष्याला अर्थ दिला" ही ओळ अजून तुमची आहे, बबनची नाही. काढा. सतराच्या पाढ्यानंतर त्याला आणखी काही म्हणायचं उरत नाही.

दुसरी, खोकला. मास्तर कशाने गेले हे तुम्ही कथेत सांगितलंय का? छातीच्या आजाराने गेले असतील तर ही ओळ फार जुळून येते, वाचकाला लेखिकेचा हात दिसतो. हृदयविकाराने किंवा अपघाताने गेले असतील तर खोकला राहू द्या. बत्तीस वर्षांपूर्वीचा खोकला, जो नंतर बराही झाला असेल, आणि ज्याची आठवण आता जगात एका बबनलाच आहे. बाईंनाही तो आठवावा लागेल.

कोरांटी

मसुद्यात फुप्फुसाचा आजार आहे. बदलते. झोपेत गेले असं करते.

अनुस्वार

"रिटायर असतील, घरी असतील तर तुम्हाला बरे" हे वाक्य व्याकरणात सैल आहे, पण ते दुरुस्त करू नका असं मीच म्हणतो. "गुरुवर्य"चा आग्रहही सोडला. फक्त पाकिटावरच्या लाल रेघेबद्दल माझं मत वेगळं आहे. मुख्याध्यापकांनी "सौ." खोडलं की वाचकाला तयार उत्तर मिळतं. मला वाटतं त्यांनी पत्ता खोडावा आणि "सौ." तसंच ठेवावं. घाईत राहून गेलं असेल, किंवा खोडवलं नसेल. बाईंना पाकिटावर नवा पत्ता आणि जुनं "सौ." असं दोन्ही दिसावं. खोडलेलं असलं तर त्या दुखावतील. तसंच ठेवलं तर काय वाटेल, ते मला सांगता येत नाही, आणि म्हणून मला तेच हवंसं वाटतं.

फळा

पण ग्रुपवर "मिस्टर वारले" वाचून पत्ता लिहिणारा शिक्षक "सौ." तसंच सोडेल हे मला पटत नाही. तो हात आपोआप खोडतो.

टपालपेटी

तिसरी वाट आहे. पत्ता नेमका त्याच जागी चिकटवलेल्या कागदावर लिहिलेला असेल. पांढरी पट्टी. खाली काय होतं ते बाईंना उजेडात धरल्यावर दिसेल.

जुनाबाक

पट्टी हुशार आहे, पण तिच्यामुळे बाईंना मुद्दाम बघावं लागतं. मला बाईंनी न शोधता ते डोळ्यासमोर यावं असं वाटतं. माझं मत लाल रेघेला. अनुस्वारांचं म्हणणं मात्र मनातून जात नाही. कोरांटी, दोन्ही लिहून बघा आणि मोठ्याने वाचा.

प्राजक्ता_के

आणि उत्तराचं काय? बाई त्याला सांगणार की नाही?

कोरांटी

इथेच पुन्हा अडलेय. तीन सुरुवाती लिहिल्या. एकीत त्या पहिल्याच ओळीत सांगतात, "मास्तर जूनमध्ये गेले." दुसरीत सांगतच नाहीत, "मास्तर बरे आहेत, खोकला गेला" असं लिहितात. तिसरीत सगळ्या पत्राचं उत्तर देतात, मुलीचं नाव विचारतात आणि शेवटी ताजा कलम म्हणून सांगतात. दुसरी मला आवडते, पण ती खोटी आहे. बाई खोटं लिहितील?

जुनाबाक

पटावर नसलेल्या पोराला पाच महिने वर्गात बसवणाऱ्या बाईंना कागदावरचं आणि खरं वेगळं असू शकतं हे ठाऊक आहे. पण "खोकला गेला" हे खरंच आहे. तेवढंच लिहून थांबल्या तर खोटं होत नाही. पहिली सुरुवात सगळ्यात सरळ आहे, तिच्यात धोका हा की कथा पुन्हा सांत्वनाकडे वळते. ताजा कलम नको. सगळ्यात मोठी बातमी शेवटी ठेवायची ही लेखकाची सवय आहे, पत्र लिहिणाऱ्या बाईंची नाही.

बालाघाट

उत्तराबद्दल एक व्यवहाराची गोष्ट कुणी बोललं नाही. बाईंना पत्र नोव्हेंबरच्या मध्याला मिळालं. पाकिटाच्या मागे बबनचा पत्ता गावाकडचा आहे, पाटोदा तालुक्यातला म्हणा. पण बबन तिथे नाही. तो कुठल्या तरी फडात आहे, आणि हंगाम लांबला तर पाडव्यापर्यंत येणार नाही. 2024 चा पाडवा 9 एप्रिलला. बाईंनी आज उत्तर टाकलं तरी ते पाच महिने घरात पडून राहील. कदाचित तो सातारा जिल्ह्यातच तोडत असेल, बाईंपासून वीस किलोमीटरवर, आणि उत्तर बीडला जाईल.

कोरांटी

म्हणजे बाईंनी मास्तर गेल्याचं लिहिलं तरी त्याच्यासाठी ते एप्रिलपर्यंत जिवंत राहतील.

बालाघाट

थांबा, तसंही नाही. बारावीची मुलगी टोळीबरोबर जात नाही. फेब्रुवारीत परीक्षा असते. ती आजीजवळ गावी राहते. टपाल तिच्याच हातात पडणार.

कोरांटी

वडिलांच्या नावाचं पत्र ती उघडेल?

बालाघाट

उघडेल. घरात आजीला वाचता येत नाही, आलेला प्रत्येक कागद तीच वाचते. बँकेचा, मुकादमाचा, शाळेचा. बापाला फोनवर वाचून दाखवेल, रात्री तो फडावरून कोपीवर आल्यावर. मोबाइल चार्ज असला तर.

कोरांटी

मग बाई उत्तर तिला लिहितील. पुन्हा मांडते. सतराच्या पाढ्यापासून.